लुगडं कसं पडतं, ते लिहावं लागतं

दसऱ्याच्या आधी हिंगोलीच्या बाजारपेठेत कापडाच्या दुकानांवर फलक चढतात. त्यांतली बरीच चित्रं आता छायाचित्रकाराकडून येत नाहीत. संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की चित्र मिळतं. चेहरे बरे असतात, हातांची बोटंही हल्ली पाचच येतात, पण कापड बघितलं की चित्र फसतं. सत्तरीतल्या आजीच्या अंगावर नऊवारी आहे असं म्हणावं, तर ती नव्या मोटारीसारखी चकाकते. निऱ्या पोटावर कुठूनतरी सुरू होतात आणि घोट्याशी पोचण्याआधीच संपतात. काठ कमरेशी लाल असतो आणि खांद्यावर सोनेरी होतो. बघणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण साडी नेसलेलं माणूस जिने जन्मभर पाहिलं आहे तिला ते चित्र पटत नाही.

दोष यंत्राचा आहे तितकाच लिहिणाऱ्याचा. ‘मराठमोळी साडी नेसलेली स्त्री’ एवढंच लिहिलं, तर यंत्राने शिकताना ज्या प्रकारची साडी सर्वांत जास्त वेळा पाहिली, तीच ते काढतं. ती बहुधा जाहिरातीतली, स्टुडिओच्या दिव्यांखालची, सहावारी आणि गुळगुळीत असते. कापडाचं नाव यंत्राला थोडंफार कळतं. ते कापड अंगावर काय करतं हे मात्र आपण लिहिल्याशिवाय कळत नाही. या प्रकरणात एकच चित्र शेवटपर्यंत न्यायचं आहे: वसमतच्या हळद बाजारात पोत्यांशेजारी उभी असलेली, इरकली लुगडं नेसलेली शेतकरी आजी. शेवटी तिच्या शेजारी खादीचा सदरा घातलेले एक आजोबा उभे करू.

आधी कापड ओळखू

इरकल विणलं जातं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावी. पण मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या पेटीत ते इतकं मुरलं आहे की कोणी त्याला परगावचं म्हणत नाही. जुन्या धाटणीच्या इरकलीचं अंग सुती असतं, काठ आणि पदर रेशमी. पदर लाल, आणि त्यात पांढऱ्या नक्षीचे आडवे पट्टे. कंगव्याच्या दातांसारखी, किल्ल्याच्या तटासारखी दिसणारी ही नक्षी म्हणजे टोप-तेनी. पदराचे उभे धागे अंगाच्या उभ्या धाग्यांत फासा घालून अडकवलेले असतात. म्हणजे एकाच साडीत दोन वेगळी कापडं सांधलेली असतात.

चित्रासाठी ही गोष्ट फार कामाची आहे. अंग सुती असल्याने ते उजेड पिऊन घेतं, थोडं ताठ राहतं आणि धुऊन धुऊन मऊ झालं तरी त्याच्या घड्या रुंदच पडतात. पदर रेशमी असल्याने तो जास्त सळसळीत पडतो आणि घडीच्या माथ्यावर उजेडाची पट्टी दाखवतो. ‘इरकल साडी’ असं नुसतं लिहिलं, तर यंत्र अंग आणि पदर एकाच कापडाचे करून टाकतं, बहुतेकदा दोन्ही रेशमी. म्हणून वर्णनात अंग आणि पदर यांना वेगवेगळी वाक्यं द्यावी लागतात. पैठणीच्या बाबतीत हे चालून जातं, कारण ती अंगापासून पदरापर्यंत रेशमीच असते. इरकलीत ते चालत नाही.

नेसण आधी, पोत नंतर

वर्णन लिहिताना सगळ्यांचा हात आधी पोताकडे जातो: मऊ, रेशमी, भरजरी. मला हा क्रम उलटा वाटतो. कापडाची घडी कुठे पडणार हे ते कुठे धरलं, बांधलं किंवा खोचलं आहे यावर ठरतं. ती जागा चुकली तर पोत कितीही सुरेख लिहा, चित्र खोटंच.

नऊवारीत कापड कमरेला गाठ मारून बांधतात, पुढे निऱ्या काढतात, ओचा खोचतात आणि मधला भाग पायांमधून मागे नेऊन पाठीशी कमरेला खोचतात. हा काष्टा. यंत्राला ‘नऊवारी’ म्हटलं तरी ते बहुधा सहावारीचा घोळ काढतं, म्हणजे घोट्यापर्यंत घागऱ्यासारखा गोल. काष्ट्यामुळे खरं तर दोन्ही पाय वेगवेगळे कळतात, कापड मांडीवरून तिरकं ओढलं जातं आणि मागून पोटऱ्या थोड्या दिसतात. म्हणून ‘काष्टा’ हा शब्द देऊन थांबायचं नाही. ‘कापड दोन पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं, प्रत्येक पायाभोवती वेगळं गुंडाळलेलं, घोट्याच्या वर चार बोटं’ असं लिहायचं. जे दिसतं ते लिहिलं की यंत्राची शब्दाशी ओळख नसली तरी बिघडत नाही.

आता घड्या. अंगावरच्या कापडाच्या घड्या मुख्यतः तीन कारणांनी पडतात. वजनाने लोंबणारी घडी सरळ खाली जाते आणि खाली जाताना रुंदावते, जशी पुढच्या निऱ्यांची. ताणाने पडणारी घडी एका बिंदूतून पंख्यासारखी सुटते: काष्टा खोचल्याच्या जागेवरून मांडीकडे, किंवा ओच्याच्या गाठीवरून कुशीकडे. आणि दाबाने पडणारी चुणी कोपराच्या आत, पोटाच्या वळीत, बसल्यावर गुडघ्यामागे, आखूड आणि वाकडी. बनावट चित्रात घड्या भरपूर असतात, पण त्यांतल्या निम्म्या कुठूनच निघालेल्या नसतात. चित्रावर बोट ठेवून एक घडी मागे मागे न्यावी. ती गाठीपाशी, खोचलेल्या जागी, खांद्याशी किंवा सांध्याशी पोचली पाहिजे. मध्येच विरली तर ती घडी खोटी.

एम. व्ही. धुरंधरांची बायकांच्या पेहरावाची चित्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. ऑटो रॉथफील्डच्या १९२० सालच्या पुस्तकासाठी त्यांनी वेगवेगळ्या प्रांतांतल्या स्त्रिया रंगवल्या. नेसण कळली की घड्या आपोआप जागेवर बसतात, हे त्या चित्रांत नीट पाहता येतं.

किती घड्या?

‘सुंदर पडणारं कापड’ हे वर्णन निरुपयोगी आहे. कापड कसं पडतं हे मोजता येतं, आणि वस्त्रशास्त्रात ते मोजतातही. १९६० च्या दशकात जी. ई. क्यूसिक यांनी इंग्लंडमध्ये जे उपकरण रूढ केलं त्यात १८ सेंटीमीटर व्यासाची एक गोल तबकडी असते. तिच्यावर ३० सेंटीमीटर व्यासाचा कापडाचा गोल तुकडा ठेवतात. कडेचं कापड खाली लोंबतं आणि त्याला लाटा पडतात. मग वरून किंवा खालून उजेड टाकून त्याची सावली मोजतात. ताठ कापड पसरट राहतं, त्याची सावली मोठी. मऊ कापड तबकडीला बिलगतं, त्याची सावली लहान.

आपल्याला सावलीचं क्षेत्रफळ काढायची गरज नाही. साधारण त्याच मापाचा एखादा डबा उपडा ठेवून त्यावर गोल तुकडा टाकावा आणि कडेच्या लाटा मोजाव्यात. साडी अर्थातच कापायची नाही. तशाच सुताचा जुना तुकडा पुरतो, फक्त त्याला तितकीच कांजी आणि तितकीच धुलाई झालेली हवी. मलमल टाकली तर अरुंद लाटा दाटीने पडतात, कांजी केलेली खादी टाकली तर मोजक्याच आणि रुंद. धुतलेलं सुती लुगडं दोहोंच्या मध्ये बसतं. ही मोजणी झाली की ‘मऊ’ऐवजी ‘थोड्या, रुंद, गोल माथ्याच्या घड्या’ असं लिहिता येतं, आणि यंत्राला खरी दिशा मिळते. त्यातही घडीचा माथा गोल आहे की टोकदार, हे आवर्जून लिहावं. सुताचा माथा गोल असतो. इस्त्रीची किंवा घडी घालून ठेवलेल्या कपड्याची रेघ टोकदार असते, आणि पेटीतून नुकत्या काढलेल्या लुगड्यावर ती चौकोनी जाळीसारखी दिसते. ही जाळी चित्रात आणली तर फार जिवंत वाटते. जाहिरातीचा फोटो काढताना ती मुद्दाम घालवतात, त्यामुळे यंत्र ती आपणहून कधीच काढत नाही.

धागा दिसू नये

दुसरा मोह पोताचा. ‘हातमागाचं, धागे स्पष्ट दिसणारं’ असं लिहिलं की चित्रात आजी गोणपाट नेसलेली दिसते. याचं कारण साध्या हिशेबात आहे. चित्र १०२४ पिक्सेल उंच आहे आणि दीड मीटर उंचीची आजी त्यातले ९०० पिक्सेल व्यापते, असं धरू. मग एक पिक्सेल म्हणजे सुमारे १.७ मिलिमीटर. सुती कापडात इंचाला ७० धागे धरले तर एक धागा ०.३६ मिलिमीटर जागा घेतो. म्हणजे एका पिक्सेलमध्ये चार-पाच धागे मावतात. पूर्ण आकृतीच्या चित्रात धागा दिसणं शक्यच नाही. तरी दिसलाच, तर तो सुतळीएवढा जाड असला पाहिजे, आणि यंत्र अगदी तेच करतं.

त्यात आणखी एक अडचण आहे. स्टेबल डिफ्यूजनसारखी यंत्रं मूळ चित्रावर काम करत नाहीत, त्याच्या आकसलेल्या रूपावर करतात. पहिल्या आवृत्त्यांत ५१२ × ५१२ पिक्सेलचं चित्र ६४ × ६४ घरांत बसवलेलं असे. एका घरात आठ गुणिले आठ पिक्सेल, आणि त्यांच्या आतला बारकावा शेवटी बराचसा अंदाजाने भरला जातो. आपल्या आजीच्या चित्रात आठ पिक्सेल म्हणजे १३ मिलिमीटरच्या आसपास. टोप-तेनीचे दात याहून बारीक असले की ते वितळतात आणि जागी अर्थ नसलेली वेलबुट्टी उगवते.

म्हणून पोताचं वर्णन अंतराप्रमाणे बदलावं लागतं. पूर्ण आकृती असेल तर धाग्याचा उल्लेखही करू नये, फक्त कापड उजेडाला काय करतं ते लिहावं. कमरेपासून वर असेल तर काठाच्या रेघा आणि रंगाचा किंचित असमानपणा. नुसता पदर किंवा हात चौकटभर असेल तेव्हाच उभा-आडवा धागा.

उजेडाचं म्हणाल तर सुती कापड उजेड सगळीकडे विखरून टाकतं, त्यामुळे घडीचा माथा आणि खोबण यांतला फरक हळूहळू होतो. रेशमाच्या लांब, गुळगुळीत धाग्यावरून तो एका दिशेने परत येतो, म्हणून माथ्यावर पट्टी दिसते. ती पट्टी कापडाच्याच रंगाची, जरा उजळ असते. लाल पदरावर पांढरीफटक चकाकी आली की ते प्लास्टिक वाटतं. यंत्राला ‘रेशीम’ एवढाच शब्द दिला तर ते सॅटिनकडे धावतं. साध्या विणीचं रेशीम तितकं आरशासारखं कधीच नसतं. म्हणून ‘मंद झळाळी, फिकट लाल, फक्त घडीच्या माथ्यावर’ असं मोजून लिहावं, आणि उजेड कुठून येतो तेही सांगावं. उजेडाची दिशा दिली नाही तर कुठलंच पोत उठून दिसत नाही.

वर्णन एकत्र केल्यावर

आता आजीचं वर्णन असं होतं:

```
हळद बाजारात पोत्यांशेजारी उभी सत्तरीतली शेतकरी स्त्री,
पूर्ण आकृती, सकाळचा तिरका उजेड डावीकडून.
नऊवारी लुगडं: कापड पायांमधून मागे नेऊन कमरेला खोचलेलं,
प्रत्येक पायाभोवती वेगळं, घोट्याच्या चार बोटं वर.
अंग: गडद हिरवं, धुतलेलं सुती, चमक नाही,
थोड्या रुंद घड्या, माथे गोल, घडीच्या जुन्या रेघा.
काठ: तीन बोटं रुंद, लाल, पायापासून डोक्यापर्यंत एकसलग.
पदर: लाल रेशमी, डोक्यावरून, मंद फिकट लाल झळाळी.
```

यात क्रमाला अर्थ आहे. आधी माणूस आणि उजेड, मग नेसण, मग अंग, काठ, पदर. जुन्या यंत्रांत वर्णन वाचणारा भाग फक्त ७७ तुकडे घेतो आणि पुढचं सोडून देतो. शिवाय तो इंग्रजीवर वाढलेला असल्याने देवनागरी अक्षरांचे त्याच्याकडे कितीतरी जास्त तुकडे होतात, आणि वरचं वर्णन नेसणीपर्यंतसुद्धा पोचणार नाही. नवी यंत्रं मराठी बऱ्यापैकी वाचतात. जुन्यांसाठी हेच इंग्रजीत करून द्यावं लागतं, आणि दिसणाऱ्या गोष्टी लिहिलेल्या असल्या की ते सोपं जातं.

पहिल्या खेपेला काय येईल याचा अंदाज सांगतो. नेसण अर्धवट येते: पुढून काष्टा, मागून घोळ. यावर उपाय म्हणजे आकृती थोडी वळवलेली मागणं किंवा पाठमोरी आकृती वेगळी काढून पाहणं. अंगावर चमक परत येते, कारण खालच्या ओळीतला ‘रेशमी’ वरही झिरपतो. एका वस्तूचा गुण दुसरीला चिकटणं ही या यंत्रांची जुनी खोड आहे. तेव्हा पदर सुतीच लिहून चित्र काढावं आणि मग फक्त पदराचा भाग निवडून तो रेशमी म्हणून पुन्हा काढून घ्यावा. बहुतेक साधनांत असा निवडक भाग बदलता येतो. तेच काठाचं. काठावर बोट ठेवून घोट्यापासून डोक्यापर्यंत जावं. मध्ये रुंदी किंवा रंग बदलला तर तेवढाच तुकडा मोठा करून नव्याने काढावा. काठ निऱ्यांमध्ये शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो, तेव्हा तो प्रत्येक निरीवर थोडाथोडा दिसायला हवा. यंत्र पुष्कळदा निऱ्या काढून झाल्यावर खाली एक सरळ लाल पट्टी ओढून देतं. नेमकी हीच चूक नऊवारी नेसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आधी भरते.

आजोबांचा सदरा

पुरुषाचा कुर्ता सोपा वाटतो, पण पांढरा असला की अवघड. खादी आपल्या शेजारचीच. नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वजाची खादी तयार करते, त्यामुळे हे कापड हातात घेऊन बघणं हिंगोलीकराला कठीण नाही. हाताने कातलेलं सूत कुठे जाड, कुठे बारीक असतं. त्यामुळे जवळून पाहिल्यावर कापडावर आखूड, अनियमित जाडसर रेघा दिसतात. यंत्र त्या काढतं, पण सगळ्या सारख्या अंतरावर, आणि मग ती खादी राहत नाही, छापील नक्षी होते. ‘अनियमित, तुरळक’ हे दोन शब्द टाकले तर थोडा फरक पडतो.

पांढऱ्या कापडात समोरून उजेड टाकला की सगळे बारकावे धुऊन जातात. तो बाजूने आणि खालच्या कोनातून यावा, आणि पांढरा रंग ‘किंचित पिवळसर’ लिहावा, म्हणजे घड्यांच्या छाया उरतात. कांजीच्या सदऱ्याची घडी टोकदार असते, कोपराशी चुण्या मोजक्या आणि कडक. खांदा थोडा खाली उतरलेला असतो, कारण असा सदरा अंगाबरोबर शिवत नाहीत. बगलेतून एक तिरका ताण छातीकडे जातो. हात खाली असला तर तो सैल, वर उचलला तर ओढलेला. यंत्र हात उचललेल्या माणसाचा सदराही हात खाली असल्यासारखाच काढतं. नामदेव महाराजांचं नर्सी याच जिल्ह्यातलं आणि त्यांचा घरचा धंदा शिंप्याचा. कुठल्याही शिंप्याला ही चूक एका नजरेत दिसेल.

टोप-तेनीचं काय?

ती यंत्राकडून येत नाही, निदान नेमकी तरी नाही. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा भास येतो, दात येत नाहीत, पट्ट्यांची संख्या बदलते. यंत्राला पाच म्हटलं तरी चार किंवा सात काढेल, कारण ते मोजत नाही. वर्णन लांबवून यात सुधारणा होत नाही. त्यापेक्षा खऱ्या लुगड्याचा पदर सावलीत, चमक न पडू देता, सरळ वरून टिपावा आणि तो फोटो साधनाला नमुना म्हणून द्यावा. नमुना घेणारी साधनंही सुरकुतीच्या खोबणीत नक्षी मोडतात, तेव्हा पदराचा सपाट, डोक्यावरचा भाग मोठा दिसेल अशी आकृती निवडावी.

दुकानाला ते विशिष्ट लुगडंच विकायचं असेल तर हा सगळा खटाटोप करू नये. गिऱ्हाईक पदराची नक्षी मोजून घेतं, आणि चित्रातला पदर दुकानातल्या पदराशी जुळला नाही तर ती फसवणूकच ठरते. अशा वेळी घरातल्या कोणालातरी लुगडं नेसवून सकाळच्या उजेडात फोटो काढावा. दसऱ्याच्या फलकावर, हळदीच्या पोत्यांशेजारी नुसती एक आजी हवी असेल तर वरचं वर्णन पुरतं. पदर मात्र डोक्यावरून मागे टाकलेलाच ठेवावा, म्हणजे नक्षीचा मोठा भाग पाठीकडे जातो.